अरबी बिलाचा फोटो, भाषांतराचा तक्ता आणि आमची हरकतीची ईमेल : चुकलं कुठे?

घावनघाटलं

मस्कतजवळ रुसैलला एका कँटीनचं स्टोअर बघते. कप, फॉइल, कचऱ्याच्या पिशव्या देणारा पुरवठादार सगळं अरबीत लिहितो. या वेळचं बिल म्हणजे बिलबुकातली कार्बनखालची प्रत. तिचा फोटो ड्रायव्हरने व्हॉट्सॅपवर टाकला. मी फोनवर भाषांतर केलं, एक्सेलमध्ये ओळी उतरवल्या आणि तो तक्ता जोडून हरकतीची ईमेल पाठवली. तक्ता असा होता :

पहिली ओळ, कप, १२ कार्टन, दर ८.५००, रक्कम ११०.५००. गुणाकार १०२ येतो, म्हणजे साडेआठ रियाल जास्त लावलेत.
दुसरी, "कथील कागद", २० कार्टन, दर ६.२५०, रक्कम १२५.०००. माल आला १८ कार्टन. डिलिव्हरीच्या कागदावर १८ लिहून सही घेतली आहे.
तिसरी, "तीव्रता १५", दर २.४००, रक्कम २६.०००. या बहुतेक पिशव्या. इथे गुणाकार ३६ येतो, पण चूक आपल्या फायद्याची म्हणून मी गप्प बसले.
त्याखाली बेरीज २७१.५००, कर १२.५७५, मग "चालक" १५.७५० आणि शेवटी एकूण २००.८२५.

मी मागितलं की कपांचे ८.५००, फॉइलचे १२.५०० आणि ड्रायव्हरचे १५.७५०, मिळून ३६.७५० रियाल कमी करा. ड्रायव्हरचे पैसे कधी ठरलेच नव्हते. उत्तर एका ओळीत आलं : "हे आमचं बिल नाही. आमचं बिल बरोबर आहे."

बिल नंबर त्यांचाच, शिक्का त्यांचा. मग हे काय उत्तर झालं?

---

उंटावरचा_शहाणा

तीव्रता १५! कचऱ्याची असेल.

---

वाशीमार्केट

बिल ऑफ एंट्रीत जो आकडा गेलाय तोच धरतात, नंतर पुरवठादाराशी भांडून उपयोग नाही. खजुराच्या कंटेनरला वजन कमी भरलं तर सर्व्हेअरचा रिपोर्ट आधी घ्यावा लागतो. तुमचा सीएचए कोण आहे?

---

घावनघाटलं

@वाशीमार्केट, आयात नाही हो. माल मस्कतचाच, गाडीने आमच्या दारात येतो.

---

पाटीवरचा_खडू

अरबी अंकांचा घोळ दिसतोय. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. नऊ आपल्या एकासारखा वाटतो. बाकी सोपं आहे : एक दात असला की दोन, दोन दात असले की तीन. अ‍ॅपने कुठेतरी पाचाचा शून्य केला असणार.

---

कारकून_क्र_१

@पाटीवरचा_खडू, छापील अंकांना तुमचं बरोबर आहे, हाताच्या अक्षराला नाही. इथली गंमत नेमकी दातांतच आहे.

छापील अंक असे दिसतात, डावीकडून शून्य ते नऊ :

```
٠ ١ ٢ ٣ ٤ ٥ ٦ ٧ ٨ ٩
```

पण रुका वळणात, म्हणजे रोजच्या घाईच्या हस्ताक्षरात, पुष्कळ जण, विशेषतः इजिप्तकडचे लोक, दोनाला दात काढतच नाहीत. उभी रेघ आणि वर उजवीकडे सपाट पट्टी, झाला दोन. आणि तीनाला एकच दात काढतात. म्हणजे त्यांचा हाताचा तीन हुबेहूब छापील दोनासारखा दिसतो. छापील वळण डोळ्यात बसलेला माणूस (आणि अ‍ॅपही) दोन्ही आकडे दोनच वाचतो.

आता ताईंचा तक्ता बघा. कप १२ ऐवजी १३ धरा. १३ गुणिले ८.५०० बरोबर ११०.५००. पिशव्यांचे २६ नव्हे, ३६. कर १२.५७५ नव्हे, १३.५७५, कारण २७१.५०० वर ५ टक्के तेवढेच होतात. आणि एकूण २००.८२५ नव्हे, ३००.८२५. चार चुका नाहीत, एकच चूक चार ठिकाणी आहे : प्रत्येक तीनाचा दोन झालाय.

खात्री करायची तर शेवटच्या रकमेतच दोन्ही अंक आहेत. ३०० मधला पहिला आकडा आणि ८२५ मधला मधला आकडा मोठे करून शेजारी ठेवा. एकाला दात दिसेल, दुसऱ्याला दिसणार नाही.

आणि त्यांचं उत्तर उद्धट नाही. तुम्ही त्यांना २०० रियालचा तक्ता पाठवलात, त्यांच्या बुकात ३०० चं बिल आहे. त्यांच्या हिशेबी हे खरंच त्यांचं बिल नाही.

---

घावनघाटलं

अरे देवा. दात आहे. आणि स्टोअरच्या वहीत कप १३ कार्टनच लिहिलेत, माझ्याच अक्षरात. मी बिल तपासलं, वही उघडलीच नाही.

---

उंटावरचा_शहाणा

आणि ते फायद्याचे दहा रियाल?

---

घावनघाटलं

गेले. :(

---

निवृत्त_ऑडिटर

यातली एक खूण कायमची लक्षात ठेवण्याजोगी आहे. कपांच्या ओळीतला फरक नेमका ८.५०० होता, म्हणजे बरोबर एका कार्टनचा दर. रकमेतला फरक दराइतका किंवा दराच्या पटीत आला की आधी नग चुकीचे वाचले का ते बघायचं. फरक सरळ १०, १०० असा आला तर रकमेतला एखादा अंकच चुकीचा वाचला गेलाय. समोरचा खरोखर फुगवून लावतो तेव्हा फरक असा गोंडस येत नाही.

कार्बन प्रतीत ठिपका उमटला नाही की शून्य गायब होतो, १० चा १ होतो. त्यामुळे प्रत्येक ओळ नग गुणिले दर करून पडताळल्याशिवाय तक्ता बाहेर जाऊ देऊ नये.

---

रविवारची_मिसळ

बिलाच्या तळाशी अक्षरी रक्कम असते ना? ती वाचून घ्या कोणाकडून तरी. सुरुवातीला "फकत" आणि शेवटी "ला ग़ैर". आपण "अक्षरी रुपये अमुक फक्त" लिहितो तो फक्त तिथलाच. अक्षरात तीनशे म्हणजे "सलासुमिया", दोनशे "मियतान". यांच्यात दाताचा घोळ होऊ शकत नाही.

या बिलांत आपले ओळखीचे शब्द खूप भेटतात. तारीख, वज़्न, बाकी, हिसाब. "मबलग" दिसला तर तो आपला मुबलक, पण तिथे अर्थ नुसता रक्कम.

---

उंटावरचा_शहाणा

आणि "खस्म" दिसला तर नवरा समजू नका, सूट आहे.

---

कारकून_क्र_१

:) खस्मचा दुसरा अर्थ प्रतिपक्षी, त्यामुळे भाषांतरात "विरोधक ५ टक्के" असंही येतं.

भाषांतराचंच चाललंय तर तुमच्या दोन ओळी. "कथील कागद" हे शब्दशः खरं आहे, कसदीर म्हणजे कथील, पण वरक़ कसदीर म्हणजे आपली फॉइल. "तीव्रता" हा शद्दा. आखातात शद्दा म्हणजे बांधलेला गठ्ठा, पाण्याच्या बाटल्यांचा असतो तसा. तसंच हब्बा म्हणजे धान्याचा दाणा, पण बिलात त्याचा अर्थ नग. भाषांतरात "दाणे २४" आलं तर दचकू नका.

हे शब्द तक्त्यात तसेच गेले की वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं की समोरच्याने माल आणि बिल ताडून पाहिलेलं नाही.

---

घावनघाटलं

कळलं. म्हणजे माझी खरी हरकत उरली फॉइलच्या दोन कार्टनची आणि ड्रायव्हरच्या पैशांची. फॉइलचा २० तरी नक्की ना? की तो ३० आहे?

---

पाटीवरचा_खडू

२० गुणिले ६.२५० बरोबर १२५. तीस असते तर १८७.५०० झाले असते. पकडला!

---

निवृत्त_ऑडिटर

बरोबर. फॉइलचे १२.५०० आणि त्यावरचा ५ टक्के कर ०.६२५, मिळून १३.१२५ मागा. तुम्ही पहिल्या वेळी कर सोडून दिला होता. ओमानमध्ये एप्रिल २०२१ पासून व्हॅट आहे, तेव्हा "बिल फाडून नवं द्या" म्हणू नका. क्रेडिट नोट मागा. अरबीत तिला "इशआर दाइन" म्हणतात, आणि हा शब्द वापरलात की काम थेट त्यांच्या हिशेबनीसाकडे जातं.

---

कारकून_क्र_१

ड्रायव्हरच्या ओळीवर माझा विश्वास नाही. फोटोतला शब्द मोठा करून बघा. हे दोन शब्द :

```
سابق
سائق
```

वरचा "साबिक़", म्हणजे आधीचा, मागची बाकी या अर्थाने बिलात येतो. खालचा "साइक़", म्हणजे ड्रायव्हर. फरक एवढाच की एकात मधल्या दातेरीखाली ठिपका आहे, दुसऱ्यात वर हमज़ा. कार्बन प्रतीत ठिपका गेला आणि वर डाग पडला की साबिक़चा साइक़ होतो.

---

निवृत्त_ऑडिटर

वा. मग आकड्याकडे बघा. कर २७१.५०० वरच लावलाय, १५.७५० धरून नाही. धरला असता तर १४.३६३ आला असता. वाहतुकीचे पैसे असते तर त्यावर कर दिसायला हवा होता. आणि १५.७५० म्हणजे १५ रियाल अधिक ५ टक्के. कर लागून गेलेली जुनी रक्कम वाटते. माझं मत मागची बाकी.

---

रविवारची_मिसळ

असहमत. छोटे व्यापारी गाडीभाडं करानंतर सरसकट खाली जोडतात. चूक असते, पण करतात. १५.७५० हा आकडा नुसता योगायोगही असू शकतो.

---

घावनघाटलं

माझ्या वहीत मागचं सगळं चुकतं केलेलं आहे, १५ ची किंवा १५.७५० ची बाकी कुठेच नाही. शब्दावर तर चक्क फ्लॅशचा पांढरा डाग आहे.

---

कारकून_क्र_१

मग त्या ओळीवर हरकत घेऊच नका, प्रश्न विचारा. हरकत आणि प्रश्न एकाच परिच्छेदात टाकले की समोरचा सोप्या मुद्द्याला उत्तर देतो आणि दुसरा गिळतो.

आता दुसऱ्या ईमेलबद्दल. विषयात "एतिराज़", म्हणजे हरकत, घालू नका. हिशेबनीस लोक आपापसात "मुताबका" म्हणतात, दोन खाती ताडून पाहणं. आपला मुताबिक त्याच धातूचा. विषय असा लिहा (क्रमांक तुमचा घाला) :

```
مطابقة فاتورة رقم 1147
```

मजकूर साध्या इंग्रजीत चालेल, सोबत कोणाकडून तरी तपासून घेतलेला अरबी. इथे मराठीत सांगतो :

"अस्सलामु अलैकुम. आदरणीय उस्ताज़ (नाव). आमच्या पहिल्या ईमेलमधला तक्ता चुकीचा होता. हाताने लिहिलेला ३ आम्ही २ वाचला. तो तक्ता कृपया रद्द समजा. बिलाची एकूण रक्कम ३०० रियाल ८२५ बैसा, हे आम्हाला मान्य आहे का ते खालच्या दोन मुद्द्यांवर ठरेल.

एक. ओळ २, वरक़ कसदीर. बिलात २० कार्टन, मिळाले १८. डिलिव्हरीचा सही केलेला कागद जोडला आहे. फरक २ कार्टन, १२ रियाल ५०० बैसा आणि कर ६२५ बैसा, एकूण १३ रियाल १२५ बैसा. कृपया क्रेडिट नोट द्यावी.

दोन. करानंतरची १५ रियाल ७५० बैसा ही ओळ आम्हाला वाचता आली नाही. ती मागची बाकी आहे की वाहतूक? बाकी असेल तर कोणत्या बिलाची, क्रमांक कळवावा.

बाकी ओळी १ आणि ३ बरोबर आहेत."

शेवटचं वाक्य काढू नका. काय मान्य आहे ते लिहिलं की माणूस निम्मा शांत होतो.

---

स्वल्पविराम

रियाल आणि बैसा वेगळे लिहिलेत ते फार बरं केलंत, कारण सांगतो. ओमानी रियालाचे १००० बैसे, म्हणून दशांशानंतर तीन आकडे. 12,500 असं लिहिलं तर साडेबारा की साडेबारा हजार? आणि अरबी अंकांत ठिपका म्हणजे शून्य, तेव्हा अरबी अंक टाइप करून मध्ये इंग्रजी टिंब दिलंत तर हाताचं वाचणारा तिथे शून्य वाचू शकतो.

@पाटीवरचा_खडू "अरबीत स्वल्पविराम म्हणजे दशांश" म्हणतील, तेही कायम खरं नाही. हाताच्या बिलात बहुतेकदा तसं असतं, पण छापील संगणकी बिलात तोच हजाराचा असू शकतो.

दुसरं. अरबी वाक्यात आडव्या रेघेचा क्रमांक लिहिला, समजा 1147-23, तर पडद्यावर तो 23-1147 असा दिसतो. टाइप बरोबर केलेलं असतं, दिसतं उलट. तारखेचंही तेच. तिरकी रेघ टाका, 1147/23, ती जागच्या जागी राहते.

---

पाटीवरचा_खडू

मी म्हणायच्या आधीच खोडलंत. :) पण तक्त्याचं काय? मला वाटतं तक्ता जोडूच नये, गोंधळ वाढतो. फोटोवर लाल गोल करून पाठवावा.

---

कारकून_क्र_१

लाल गोल केलेला फोटो हिशेबनिसाला शाळेतल्या बाईंनी वही तपासल्यासारखा वाटतो. तक्ता जोडावा, पण बिलाच्याच क्रमाने आणि उजवीकडून सुरू होणारा. त्यांचं बिल उजवीकडून अनुक्रमांक, तपशील, नग, दर, रक्कम असं जातं. ताईंनी तपशील डावीकडे आणला असेल आणि त्यांच्या डोळ्याला पहिला आकडा रक्कम म्हणून दिसत असेल.

भाषांतर त्यांच्यासाठी नाहीच मुळी, त्यांना स्वतःचं बिल वाचता येतं. त्यांना बघायचं असतं की आपण काय वाचलं. म्हणून प्रत्येक ओळीला मूळ अरबी शब्दाचा कापलेला फोटो, शेजारी आपण वाचलेले नग, दर, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात मिळालेले नग. सगळे अंक इंग्रजी. पूर्ण बिलाचा फोटो वेगळा जोडायचा, त्यावर काही न लिहिता.

---

निवृत्त_ऑडिटर

आणि दरम्यान मान्य रक्कम भरून टाका. ३००.८२५ मधून १३.१२५ आणि १५.७५० वजा, म्हणजे २७१.९५०. सगळं अडवून ठेवलंत की पुढची गाडी अडते.

---

रविवारची_मिसळ

मी नाही भरणार. अर्धवट भरलं की त्यांच्या खात्यात तीच "मागची बाकी" म्हणून पुढच्या बिलात येते, आणि महिन्याभराने तुम्ही पुन्हा साबिक़ की साइक़ करत बसता.

---

निवृत्त_ऑडिटर

क्रेडिट नोटचा उल्लेख पावतीवर लिहून घेतला तर नाही येत. पण तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

---

स्वल्पविराम

आज गुरुवार आहे. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. आत्ता संध्याकाळी पाठवलीत तर रविवारच्या ढिगात तळाला जाईल. रविवारी सकाळी पाठवा.

आणि नवा फोटो मागा. कागद टेबलावर सपाट, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबून बारीक होतो आणि ठिपके आधी मरतात. कार्बनखालच्या प्रतीपेक्षा वरचं पान मिळालं तर उत्तम.

---

घावनघाटलं

रविवारी पाठवली होती, आज उत्तर आलं. फॉइलचे दोन कार्टन गाडीतच राहिले होते, क्रेडिट नोट १३.१२५ ची निघतेय. उस्ताज़ इजिप्तचेच निघाले, तीनाबद्दल हसण्याची इमोजी पाठवलीय.

१५.७५० बद्दल उत्तर नाही. त्या ओळीचा नवा फोटो मात्र ड्रायव्हरने लगेच धाडला, चांगला जवळून घेतलेला, डॉक्युमेंट म्हणून.

---

उंटावरचा_शहाणा

मग? साबिक़ की साइक़?

---

घावनघाटलं

ठिपक्याच्या जागी ड्रायव्हरचा अंगठा आहे.